फोटोच्या पोटात दडलेला पत्ता

अँटिव्हायरसमुळे जगभर नाव झालेले जॉन मॅकॅफी 2012 साली पोलिसांना चुकवत फिरत होते. मध्य अमेरिकेतल्या बेलिझ या देशात त्यांच्या शेजाऱ्याचा खून झाला होता आणि पोलिसांना त्यांची चौकशी करायची होती. मॅकॅफी गायब झाले, पण जाताना ‘व्हाइस’ या मासिकाच्या पत्रकारांना बरोबर घेऊन गेले. मासिकाने 3 डिसेंबरला आपण मॅकॅफींसोबत असल्याचं मोठ्या टेचात जाहीर केलं आणि एक फोटो टाकला. कुठे आहोत हे अर्थातच सांगितलं नव्हतं. पण फोटो आयफोनवर काढलेला होता आणि जसाच्या तसा चढवला होता. वाचकांपैकी कुणीतरी ती फाइल उतरवून घेतली, आतली माहिती उघडली आणि अक्षांश-रेखांश नकाशात टाकले. ठिकाण निघालं शेजारच्या ग्वाटेमालातलं रिओ दुल्से. मॅकॅफींनी आधी ‘ते आकडे मीच मुद्दाम बदलले होते’ अशी थाप मारून पाहिली, मग ग्वाटेमालात असल्याचं कबूल केलं. 5 डिसेंबरला बेकायदा प्रवेशाबद्दल त्यांना तिथे अटक झाली.

पत्रकारांनी त्या फोटोत नकाशा, पाटी, रस्ता काही दाखवलं नव्हतं. डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रात पत्ता नव्हताच, तो फाइलीत होता. चित्र आणि फाइल यांतला हा फरक एकदा लक्षात आला की पुढचं सगळं सोपं आहे.

फोनने फोटो काढला की एक फाइल तयार होते. तिच्या मोठ्या भागात चित्र असतं, आणि सुरुवातीला एक छोटा कप्पा असतो, ज्यात त्या चित्राविषयीची माहिती ठरावीक पद्धतीने लिहिलेली असते. फराळाच्या डब्याच्या झाकणावर कुणाचा डबा, कधी भरला हे लिहून चिकटवतात ना, तशी ही पट्टी. या पद्धतीला एक्झिफ म्हणतात. ती 1995 मध्ये जपानमध्ये कॅमेरे बनवणाऱ्यांच्या सोयीसाठी ठरली. छिद्र किती उघडं होतं, शटर किती वेळ उघडं राहिलं, फ्लॅश पडला का, हे छायाचित्रकाराला नंतर कळावं, इतकाच साधा हेतू होता. पुढे त्यात जीपीएसचे रकाने आले, आणि कॅमेरा व जीपीएस एकाच खिशात येऊन बसल्यावर ते रकाने आपोआप भरले जाऊ लागले.

एक नमुना बघू. कुणाचं घर उघडं पडायला नको म्हणून ठिकाण सगळ्यांच्या ओळखीचं घेतलं आहे. अशा फोटोची माहिती संगणकावर उघडली की साधारण असं दिसतं:

```
Make                 : samsung
Model                : SM-A546E
DateTimeOriginal     : 2025:01:26 18:42:07
OffsetTimeOriginal   : +05:30
GPSLatitude          : 18 deg 31' 10.20" N
GPSLongitude         : 73 deg 51' 19.10" E
```

पहिल्या दोन ओळींत फोनची कंपनी आणि मॉडेल आहे. पुढे तारीख, वेळ सेकंदापर्यंत आणि भारतीय वेळेचा फरक. शेवटच्या दोन ओळी अक्षांश-रेखांशाच्या. 31 मिनिटांना 60 ने आणि 10.2 सेकंदांना 3600 ने भागून ते अंशांत मिळवले की 18.5195 येतात. तसंच रेखांशाचं केलं की 73.8553. हे दोन आकडे मध्ये स्वल्पविराम देऊन नकाशाच्या ॲपमध्ये शोधले की बोट थेट पुण्यातल्या शनिवारवाड्यावर पडतं.

हे किती नेमकं असतं? अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे 31 मीटर, आणि फाइल तर सेकंदाचे शतांशही लिहिते. अर्थात लिहिलेला आकडा बारीक असला म्हणून मोजमाप तेवढं बारीक ठरत नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत चूक करतो. घरात, भिंतींच्या आड ती बरीच वाढते. इमारत बरोबर सापडेल, मजला आणि दार कोणतं हे खात्रीने सांगता येणार नाही. काही फोन उंची आणि कॅमेरा कोणत्या दिशेला रोखलेला होता हेही लिहून ठेवतात, त्यामुळे अंदाज आणखी आवळता येतो.

एकट्या फोटोतून फार तर एक ठिकाण कळतं. खरी अडचण फोटो साठायला लागले की होते, कारण ठिकाणाला वेळेची जोड मिळते. सकाळी साडेसातला एका जागी, दुपारी एकाच शाळेजवळ, रात्री परत पहिल्या जागी, असे दहा-बारा फोटो हाती आले की घर कुठलं, मूल कुठल्या शाळेत जातं आणि घर रिकामं कधी असतं हे तर्क न लढवताही कळतं.

आता प्रश्न येतो, ही माहिती समोरच्यापर्यंत खरंच जाते का? यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एकाच्या मते प्रत्येक फोटोबरोबर पत्ता जातोच, दुसऱ्याच्या मते व्हॉट्सॲप सगळं पुसतं, काळजी नको. खरं उत्तर फोटो कोणत्या वाटेने गेला यावर ठरतं.

समजा, तुम्हाला जुनं लाकडी कपाट विकायचं आहे. बेडरूममध्येच चार फोटो काढले आणि विचारणा करणाऱ्या अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवले. व्हॉट्सॲप फोटो लहान करण्यासाठी नव्याने बनवतं आणि त्यात ही पट्टी गळून पडते. त्या माणसाला फक्त कपाट दिसतं. मग तो लिहितो, “ताई, फोटो फुटतोय, डॉक्युमेंटमधून टाका ना.” मागणी अगदी रास्त असू शकते, लाकडाची नक्षी त्याला खरंच दिसत नसेल. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप फाइलीला हात लावत नाही. फोनमध्ये जशी आहे तशी ती जाते, पट्टीसकट. व्यवहार ठरण्याआधी, पत्ता विचारण्याआधी, तुमची इमारत त्याच्या फोनमध्ये पोचलेली असते. टेलिग्रामवर फोटो ‘फाइल’ म्हणून पाठवला तरी हेच होतं.

म्हणजे वाटांचे दोन गट पडतात. जिथे फोटो नव्याने बनतो, तिथे स्थान बहुधा गळतं. व्हॉट्सॲपवरचा साधा फोटो, सिग्नल, फेसबुक, इन्स्टाग्राम हे या गटातले. जिथे फाइल जशीच्या तशी जाते, तिथे ते टिकतं. ईमेलची जोडणी, ड्राइव्हवरच्या फोल्डरची लिंक, पेन ड्राइव्ह, ब्लूटूथ आणि व्हॉट्सॲपवरचं डॉक्युमेंट हे दुसऱ्या गटात येतात. लग्नाचे फोटो ‘ओरिजिनल क्वालिटी’मध्ये हवेत म्हणून घरातलं कुणीतरी ड्राइव्हची लिंक साठ जणांच्या ग्रुपवर टाकतं, ती दुसऱ्या गटातलीच. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ते इतरांना दाखवायच्या प्रतीतून स्थान काढतात, पण तुमच्या फोनवरून आलेली फाइल कंपनीकडे पोचलेली असते. शेजाऱ्यापासून लपलेलं कंपनीपासून लपलं असं मानू नका.

अँड्रॉइडमध्ये दहाव्या आवृत्तीपासून एक चांगली सोय आली. फोटोतलं स्थान वाचायला ॲपला वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर फोटो देताना प्रणाली स्थानाचे रकाने पुसून देते. त्यामुळे तोच फोटो एका ॲपमधून गेला तर स्थानाशिवाय जातो आणि दुसऱ्यातून गेला तर स्थानासकट. म्हणून ‘माझ्या मित्राच्या फोनवर तर काही दिसलं नाही’ या पुराव्यात दम नाही.

आता काढायचं कसं. पहिला उपाय म्हणजे मुळात लिहूच द्यायचं नाही. अँड्रॉइडच्या कॅमेरा ॲपमध्ये सेटिंग्ज उघडा. कंपनीनुसार तिथे `Location tags`, `Save location` किंवा तशाच नावाचं बटण असतं, ते बंद करा. आयफोनवर `Settings`, मग `Privacy & Security`, मग `Location Services`, त्यात `Camera`, आणि तिथे `Never`. हे यापुढच्या फोटोंना लागू होतं. आधीच्या हजारो फोटोंतलं स्थान तसंच राहतं, आणि बटण बंद करून निर्धास्त झालेले लोक नेमका गेल्या वर्षीचा फोटो पाठवतात.

मला स्वतःला हा उपाय सगळ्यांसाठी पटत नाही. पाच वर्षांनी ‘तो धबधबा कुठला होता’ हे फोटोलाच विचारता येणं ही मोठी सोय आहे, आणि ती एकदा गेली की परत मिळत नाही. माझ्या मते स्थान आपल्याजवळ असू द्यावं आणि घराबाहेर जाणाऱ्या प्रतीतून काढावं. ज्यांना कुणाचा पिच्छा किंवा त्रास चालू आहे, त्यांनी मात्र बटण सरळ बंद करावं. तिथे धबधब्याचा विचार करू नये.

बाहेर जाणाऱ्या प्रतीतून काढायचं तर आयफोनवर काम सोपं आहे. फोटो निवडून शेअरचं चिन्ह दाबलं की वरच्या बाजूला `Options` दिसतं. त्यात `Location` बंद करा आणि मग पाठवा. तुमच्याकडचा मूळ फोटो तसाच राहतो. तिथेच `All Photos Data` नावाचं बटण आहे, ते चालू असेल तर बंद करा. त्याचं कारण शेवटी येतंच आहे. सॅमसंगच्या गॅलरीत फोटो उघडून तपशील वर ओढले की दुरुस्तीच्या पर्यायातून स्थान काढता येतं, पण तिथे ते मूळ फोटोतूनच जातं. म्हणून आधी प्रत बनवा आणि प्रतीवर काम करा. इतर कंपन्यांच्या गॅलरीत जागा थोडी इकडेतिकडे असते, पण शोधायचं तपशिलातच.

एकदोन फोटो घाईने पाठवायचे असतील तर फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवणं हा गावठी पण चालणारा मार्ग आहे. स्क्रीनशॉट ही नवीन फाइल, तिच्यात कॅमेऱ्याने लिहिलेलं काही येत नाही. स्पष्टपणा मात्र कमी होतो, त्यामुळे नक्षी बघायला मागणाऱ्या गिऱ्हाइकाचं समाधान होणार नाही. फोटो चढवा आणि आम्ही स्थान काढून देतो म्हणणाऱ्या फुकट वेबसाइट बऱ्याच आहेत. मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. पत्ता लपवण्यासाठी आधी तो एका अनोळखी संगणकावर पाठवायचा, यात काय हशील?

संगणक जवळ असेल तर विंडोजमध्ये जेपेग फाइलीवर राइट क्लिक करा. `Properties`, त्यात `Details`, आणि खाली `Remove Properties and Personal Information` अशी ओळ असते. तिथे साफ केलेली नवी प्रत बनवायचा पर्याय निवडला की मूळ फाइल शाबूत राहते. साध्या कामाला एवढं पुरतं. ढीगभर फोटो असतील तर एक्झिफटूल हा फुकट आणि जुना, मुरलेला प्रोग्रॅम आहे. फिल हार्वी यांनी तो 2003 पासून सांभाळला आहे. त्यात आज्ञा टाइप करावी लागते, पण घाबरण्यासारखं काही नाही. फक्त स्थान काढायचं तर:

```
exiftool -gps:all= -xmp:geotag= kapat.jpg
```

आणि सगळीच पट्टी काढायची तर:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -Orientation -ColorSpaceTags kapat.jpg
```

दुसऱ्या आज्ञेत शेवटी दोन गोष्टी परत का घातल्या? फोन उभा धरून फोटो काढला तरी बरेचदा चित्र आडवंच साठवलं जातं आणि पट्टीत ‘दाखवताना वळवा’ अशी सूचना असते. पट्टी सरसकट फाडली तर आजोबा आडवे पडलेले दिसतात. रंगांचंही तसंच, ते कोणत्या मापाने दाखवायचे ही नोंद गेली तर काही फोटो फिके पडतात. या दोन नोंदींतून तुमच्याविषयी कुणाला फारसं काही कळत नाही, तेव्हा त्या राहू द्याव्यात.

एक्झिफटूलची एक सवय मात्र ठाऊक हवी. तो काम करताना मूळ फाइल `kapat.jpg_original` या नावाने तिथेच शेजारी ठेवतो. चूक झाली तर परत मिळावी म्हणून ही सोय आहे, पण सगळं फोल्डर दाबून ड्राइव्हवर चढवलं तर साफ केलेल्या फोटोंसोबत पत्त्यासकटचे मूळ फोटोही जातात. म्हणून साफ केलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा आणि तेच फोल्डर पाठवा.

पाठवण्याआधी तपासून बघायचं असेल तर ही आज्ञा द्या:

```
exiftool -a -G1 "-*gps*" "-*location*" kapat.jpg
```

उत्तरात एकही ओळ आली नाही तर ठीक. फोनवर तपासताना गूगल फोटोजमध्ये दिसणाऱ्या ठिकाणावर विसंबू नका. फाइलीत स्थान नसलं तरी ते ॲप तुमच्या इतर नोंदींवरून किंवा चित्रात ओळखू येणाऱ्या वास्तूवरून अंदाज बांधतं आणि तो दाखवतं. मग स्थान काढलेलं असूनही निघालंच नाही असं वाटून माणूस गोंधळतो.

व्हिडिओतही स्थान असतं, आणि तिथे ते वेगळ्या जागी, `+18.5195+073.8553/` अशा एका ओळीत लिहिलेलं असतं. फोटोसाठीच बनवलेली साधनं बरेचदा तिकडे बघतही नाहीत. आयफोनच्या लाइव्ह फोटोत, म्हणजे जो दाबून धरला की क्षणभर हलतो त्यात, फोटोसोबत एक छोटा व्हिडिओ असतो आणि त्यात स्थान स्वतंत्रपणे लिहिलेलं असतं. शिवाय त्याला आवाजही असतो. फोटो काढताना मागून कुणी मुलाला नावाने आणि शाळेच्या बसच्या वेळेवरून हाक मारली असेल तर तीही त्यात येते. असे फोटो स्थिर करूनच पाठवावेत.

आता आपल्याकडचा खास प्रकार. ग्रामपंचायतीचं काम असो, घरकुलाचा हप्ता असो, शाळेतला कार्यक्रम असो, ‘जिओ टॅग फोटो टाका’ असा निरोप येतो. 2021 पासून राज्यभर चालू असलेल्या ई-पीक पाहणीतही शेतकऱ्याला शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, कारण पीक त्याच गटात आहे हे स्थानावरूनच ताडता येतं. तिथे स्थान हवंच, ते काढून फोटो पाठवणं म्हणजे काम अडवून घेणं. पण या सवयीतून फोटोवरच छोटा नकाशा, पूर्ण पत्ता, अक्षांश-रेखांश आणि वेळ छापणारी कॅमेरा ॲप्स घरोघरी आली आहेत. शिक्षक, ग्रामसेवक, आशाताई, साइटवरचे इंजिनिअर यांच्या फोनमध्ये ती असतातच, आणि मग हळदीकुंकवाचा किंवा नातवाच्या वाढदिवसाचा फोटोही त्याच ॲपमधून निघतो. स्टेटसवर केक दिसतो आणि केकखाली गल्लीसकट पत्ता.

इथे आतापर्यंत सांगितलेला एकही उपाय चालत नाही. तो पत्ता पट्टीत नाही, चित्राच्या ठिपक्यांत आहे. व्हॉट्सॲप फोटो लहान करेल, एक्झिफटूल सगळी पट्टी फाडेल, तरी केकखालची अक्षरं जागेवरच राहतील. घरचे फोटो फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यानेच काढावेत, हे सगळ्यात सोपं. आधीच छापून झालं असेल तर चित्राचा तो खालचा भागच कापून टाकावा. त्यावर धूसर ब्रश फिरवून भागवू नये, कारण हलक्या धूसरपणातून मोठी अक्षरं बरेचदा वाचता येतात. चित्रात इतर जागी दिसणाऱ्या गोष्टींनाही हेच लागू आहे, गाडीचा नंबर, सोसायटीची पाटी, टेबलावर पडलेलं वीजबिल.

कापतानाही एक मेख आहे. आयफोनच्या फोटो ॲपमध्ये कापलेला भाग नष्ट होत नाही, `Revert` दाबलं की परत येतो. आणि एअरड्रॉपने `All Photos Data` चालू ठेवून तो फोटो पाठवला तर समोरच्यालाही तो परत आणता येतो. 2023 मध्ये तर गूगलच्या पिक्सेल फोनमधली एक चूक उघड झाली. त्यातल्या मार्कअप या सोयीने कापलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलीत मूळ चित्राचा शेपटाकडचा भाग शिल्लक राहत होता आणि तो पुन्हा जोडता येत होता. सायमन ॲरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन यांनी ती शोधली आणि तिला ‘ॲक्रोपॅलिप्स’ असं नाव पडलं. लागलीच विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसलाच दोष सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण दुरुस्तीआधी कापून ठिकठिकाणी पाठवलेल्या फाइली होत्या तशाच राहिल्या. म्हणून पत्ता छापलेला फोटो कापला की कापलेल्याचाच एक स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो पाठवावा. त्या नव्या फाइलीत कापलेला भाग कधी आलेलाच नसतो.